तीन दिवसांचा अर्ज

आमच्या रणतेज करिअर अकॅडमीत घाम नंतर गाळायचा, अर्ज आधी करायचा. सुट्टी हवी असली तर अर्ज. गुडघा दुखतोय म्हणून पळायचं नसलं तर अर्ज. एका पोरानं आजोबांच्या दहाव्याला गावी जायचंय म्हणून अर्ज दिला, तर सरांनी त्यावर लाल पेनानं 'कारण पटत नाही' असा शेरा लिहिला, सही केली आणि शिक्का उठवला. इंद्रजीत सरांना शिक्का उठवायला फार आवडतं. सही-शिक्क्याशिवाय अकॅडमीत कुठलाही कागद खरा नाही, असा त्यांचा नियम आहे. तो नियम त्यांनी ऑफिसच्या दारावर लावलाय, खाली सही-शिक्क्यासकट.

सर स्वतः तीनदा पोलीस भरतीला उभे राहिले आणि तीनदा पडले. तिसऱ्या वेळी सोळाशे मीटरची शेवटची फेरी ते चालत आले, हे बघणारी माणसं सोलापुरात अजून आहेत. सर मात्र 'तेव्हा राजकारण झालं' असं सांगतात. मग त्यांनी होटगी रोडला एक मोकळं रान भाड्यानं घेतलं, गळ्यात शिट्टी अडकवली, डोळ्यांवर गॉगल चढवला आणि भरतीचे गुरू झाले. दोन वर्षांपूर्वी पुण्यात कुठलंसं शिबिर करून आले आणि तेव्हापासून आम्हाला विद्यार्थी म्हणायची बंदी आहे. क्लायंट म्हणायचं. पहाटे साडेपाचला चिखलात दंड मारणाऱ्या पोरांना क्लायंट म्हणताना माझ्या तोंडाला अजून कसंसंच होतं.

मी सिद्धेश्वरी. कॉलेजात असताना विद्यापीठाकडून आठशे मीटर पळत होते, दोनदा पदक मिळालं. अकॅडमीत मी मुलींच्या बॅचची असिस्टंट कोच आहे. म्हणजे घड्याळ धरते, वेळा वहीत लिहिते आणि सरांकडे येणाऱ्या अर्जांवर आवक क्रमांक टाकते. मी इथं का टिकले, हे मला कुणी विचारू नये. सकाळी मैदानावर उभं राहायला मिळतं, एवढंच त्याचं उत्तर आहे, आणि तेही फारसं शोभणारं नाही.

सरांचा प्लॅन एकच. त्याचं नाव विजयपथ. आठवड्याचे सहा दिवस, रविवारी सुट्टी, प्लॅस्टिकचं आवरण घातलेला रंगीत कागद, कोपऱ्यात सरांचा फोटो. मुळात तो मुलांसाठी होता. मुलींची बॅच सुरू झाली तेव्हा सरांनी सोळाशेच्या जागी आठशे केलं आणि कागदाची कड गुलाबी केली. अठरा वर्षांच्या पोरीला तोच, लेकरांच्या आईला तोच.

अशा आयांपैकी एक वैजयंती. माहेर सांगोल्याकडचं, घरी मेंढरं. लहानपणी मेंढरांमागं जेवढी पळाली तेवढं आमच्या अर्ध्या बॅचनं मिळून पळून झालं नसेल. लग्न होऊन सोलापुरात आली, एक मुलगी झाली, आणि गणवेश शिवायच्या कारखान्यात दहा ते सहा मशीनवर बसायला लागली. मागच्या भरतीत तिचे आठशे मीटर तीन मिनिटं नऊ सेकंदांत झाले आणि यादीत नाव यायला दोन गुण कमी पडले. आता वय बत्तीस संपून गेलं होतं. पुढच्या भरतीच्या वेळी ती वयाच्या मर्यादेबाहेर जाणार, म्हणजे ही शेवटची. हे तिनं कुणाला रडून सांगितलं नाही. अकॅडमीत नाव घालताना फॉर्मवर वयाच्या रकान्यात स्वच्छ आकडा लिहिला आणि मला म्हणाली, "मॅडम, हितनं पुढं मला चुकायला जागा न्हाय."

पावसाळा उतरला तेव्हा मालकानं गणवेशाचा कारखाना दुसरीकडं हलवला. वैजयंतीला एका खासगी दवाखान्यात वॉर्डातल्या मावशीचं काम मिळालं. सकाळी सात ते संध्याकाळी सात, आठवड्यातून चार दिवस. भरतीचं मैदान दहा आठवड्यांवर होतं. अकॅडमीच्या शिस्तीप्रमाणे तिनं अर्ज आणला. आखीव कागदावर, समास सोडून.

"प्रति, माननीय इंद्रजीत सर, रणतेज करिअर अकॅडमी. विषय : नोकरी बदलल्यामुळे सरावाचा प्लॅन बदलून मिळणेबाबत.

सर, मी मुलींच्या बॅचमध्ये आहे. मला नवीन काम लागले आहे. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार सकाळी सात ते संध्याकाळी सात ड्यूटी असते. ड्यूटीत बसायला मिळत नाही. माझ्याकडे बुधवार, शनिवार, रविवार हे तीनच दिवस राहतात. रविवारी अकॅडमी बंद असते, पण मी एकटी पळू शकते. मैदानाला दहा आठवडे आहेत. माझे आठशे मीटर आता दोन मिनिटे छप्पन्न सेकंदांत होतात. ते टिकावे एवढीच इच्छा आहे.

सहा दिवसांचे तीन दिवसांत कोंबून द्या असे माझे म्हणणे नाही. जे सोडून चालेल ते काढून टाकावे आणि जे सोडून चालणारच नाही तेवढे लिहून द्यावे. जे लिहून द्याल त्यात मी एक दिवसही चुकवणार नाही. वयाप्रमाणे ही माझी शेवटची भरती आहे. आपली विश्वासू, वैजयंती."

मी बारा वर्षं पळण्याच्या नादात आहे. प्लॅन कसा बदलायचा, याबद्दल याहून शहाणं वाक्य मी कुठल्या शिबिरात ऐकलेलं नाही. जे सोडून चालेल ते काढा, जे चालणार नाही तेवढं ठेवा. सगळी विद्या एवढीच आहे. मी अर्जावर आवक क्रमांक टाकला आणि सरांपुढं ठेवला.

सर चहा पीत होते. त्यांनी अर्ज वाचला, म्हणजे विषय वाचला आणि सही बघितली. मग लाल पेन काढलं.

"सिद्धेश्वरी, उद्या फॉलइनला हा अर्ज सगळ्यांपुढं वाचायचा. शेऱ्यासकट. एकीला सवलत दिली की उद्या चाळीस जण रांग लावतील."

"सर, तिला नुसता बदल हवाय. बुधवारी वेगाचं, रविवारी लांबचं असं काही तरी..."

"विजयपथ सहा दिवसांचा हाय. मी काय शिंपी हाय का, ज्याच्या-त्याच्या मापाचं शिवायला?"

खरं तर कोचचं काम शिंप्याचंच. हे मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. मी "बरं सर" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता, त्यामुळे वैजयंती हजर होती. दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथी. मी अर्ज वाचला. खणखणीत आवाजात वाचला, कारण मला तसंच वाचता येतं. 'ड्यूटीत बसायला मिळत नाही' यावर मागं कुणी तरी फिसकन हसलं. मग शेरा वाचला. "नामंजूर. वर्दी सहा दिवसवाल्यांची असते. तीन दिवसवाल्यांनी घरी बसून भाकऱ्या थापाव्यात." खाली सही, शिक्का, तारीख. यावर पोरं मोकळेपणानं हसली. दोन पोरीही हसल्या. त्यांच्या आया घरी भाकऱ्याच थापत होत्या, पण तेवढा विचार करायला डोकं लागतं. सर गॉगल सारखा करत म्हणाले, "शिस्त म्हणजे शिस्त." आणि शिट्टी फुंकली.

अर्जाची झेरॉक्स फाइलला लावून मूळ कागद परत द्यायचा, हाही नियम. मी तो वैजयंतीला द्यायला गेले तेव्हा ती गाड्या लावायच्या जागी चपलेचा पट्टा बांधत होती. डोळे कोरडे होते. मला वाटलं होतं ती रडेल आणि मला दोन शब्द बोलून सुटता येईल. तिनं ती सोय केली नाही.

"मॅडम, अर्ज तुमीच वाचला न्हवं? मंजी तुमाला सगळं ठावं हाय. आता तुमीच सांगा, ह्यातलं काय सोडू आनि काय धरू."

"वैजयंती, सरांना कळलं तर..."

"सरास्नी कळवायला मी काय त्यांच्या घरी जाती का? तुमी पळालाय. त्ये न्हाई पळालं. म्हून तुमाला इचारती."

मी तिच्याच हातातला अर्ज घेतला, गाडीच्या सीटवर पालथा घातला आणि मागच्या कोऱ्या बाजूला प्लॅन लिहिला. लिहून झाल्यावर ती म्हणाली, "खाली सही करा की. हितं सहीबिगर कागद खरा न्हाय म्हनत्यात."

"सहीचं काय एवढं? पळाल्याशी मतलब," मी म्हटलं आणि पेनाचं टोपण लावलं. सही केली तर अक्षर ओळखण्याचं कारणच उरलं नसतं, नाव सरळ सापडलं असतं. मी घाबरट आहे. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

आणि प्लॅन कसा होता? भिकार होता. सरांना नावं ठेवत मी जे लिहिलं, ते सरांच्याच सहा दिवसांचं गाठोडं होतं. बुधवारी चारशेच्या सहा फेऱ्या. शनिवारी तीनशेच्या फेऱ्या, वर शंभर मीटर, वर चार किलोचा गोळा. लगेच दुसऱ्या दिवशी रविवारी घड्याळ लावून पूर्ण आठशे. शिवाय ड्यूटीच्या चारही दिवशी पहाटे साडेचारला चार किलोमीटर, 'सवय मोडू नये म्हणून'. अर्जात तिनं स्पष्ट लिहिलं होतं की कोंबून देऊ नका. मी कोंबून दिलं. आमच्या भरतीच्या मैदानांवर ही चूक सगळे करतात. दिवस गेले की दिवस भरून काढायचे, जणू शाळेतली हजेरी आहे.

तिनं शब्द पाळला, एक दिवसही चुकवला नाही. तिसऱ्या आठवड्यात नडगीच्या आतल्या बाजूला बोट लावू देईना. दवाखान्यातल्याच डॉक्टरांनी बघितलं. हाडाला धक्का नव्हता, पण अजून दोन आठवडे असंच पळाली असती तर झाला असता. त्यांनी आठवडाभर पळणं बंद करायला सांगितलं. दहातले चार आठवडे असे गेले, आणि ते सरांनी नाही, मी घालवले.

त्या रविवारी मी तिच्या खोलीवर गेले. ती पाय बादलीत सोडून बसली होती, मुलगी शेजारी पाढे म्हणत होती. मी म्हटलं, "चुकलं माझं."

"मग बरोबर काय त्ये लिवा," ती म्हणाली. "कागुद हाय अजून."

मी पहिल्या प्लॅनवर तिरकी रेघ मारली आणि खाली दुसरा लिहिला. या वेळी आधी तिला विचारलं, ड्यूटीत नेमकं काय काय करतेस. बारा तास उभं राहणं, तीन मजले जिने, स्ट्रेचर ढकलणं, चादरी बदलणं. हे सगळं पायांचंच काम होतं, आणि पायांना ते अकॅडमीच्या वहीत लिहिलंय की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. म्हणून ड्यूटीच्या दिवशी पळणं पूर्ण बंद. फक्त टाचा उचलायचा व्यायाम दहा मिनिटं, मग झोप. बुधवार हा मुख्य दिवस. मंगळवारची ड्यूटी झालेली असते, म्हणून पहाटे नाही, पोटभर झोपून उशिरा. तीनशे मीटर चार वेळा, आठशेला लागतो त्याच वेगानं, प्रत्येक फेरीनंतर पूर्ण विश्रांती. शनिवारी शंभरच्या सुरुवाती आणि गोळा, एवढंच. रविवारी पस्तीस मिनिटं सावकाश, शेजारच्याशी बोलता येईल इतकं सावकाश. चुकलेलं काही भरून काढायचं नाही. पूर्ण आठशे दर रविवारी घड्याळावर घ्यायचं नाही, तीन आठवड्यांतून एकदा. शेवटच्या आठवड्यात सगळं निम्मं. आणि पहिल्या आठवड्यात हे सगळंही पायाला विचारत, दुखलं की थांबायचं.

सगळं मिळून सात ओळी झाल्या. तिनं त्या दोनदा वाचल्या. या वेळी तिनं सही मागितली नाही, आणि ते मला जास्त लागलं.

ती आता अकॅडमीत फक्त शनिवारी, गोळ्यासाठी येई. सर तिला बघून न बघितल्यासारखं करत. बुधवारी ती दवाखान्याजवळच्या एका शाळेच्या मैदानावर पळायची. शाळेचं मैदान जिल्ह्याच्या स्पर्धांसाठी टेप लावून आखलेलं, चारशे मीटरचं. तीन आठवड्यांनी मी तिथं घड्याळ घेऊन गेले. पाय बरा होता, श्वास बरा होता, शेवटची फेरी तर सुरेख आली. मी घड्याळ दाबलं. तीन मिनिटं पाच सेकंद.

अकॅडमीत दोन छप्पन्न, इथं तीन पाच. नऊ सेकंद गेले. पोलीस भरतीत तीन मिनिटांच्या पुढं प्रत्येक टप्प्याला गुण कमी होत जातात, आणि ती मागच्या वेळी दोनच गुणांनी राहिली होती.

वैजयंती कठड्यावर बसली. "सर म्हनत हुतं त्येच खरं झालं," ती म्हणाली. "तीन दिवसात न्हाय हुत. मी आपली यडी, अर्ज करत बसले."

मलाही तेच वाटत होतं. मात्र घरी जाताना ती धाव डोळ्यांपुढून जाईना. इतकं मोकळं पळणारी बाई नऊ सेकंदांनी मागं गेलेली असू शकत नाही. मी शंभर धावा बघितल्यात, मला पायांची भाषा कळते. मग चुकलं कुठं? घड्याळ तेच, बाई तीच. बदललं होतं फक्त मैदान.

दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर मी गोळा मोजायचा टेप घेतला, तीस मीटरचा. आमच्या अकॅडमीचं रिंगण शंकरप्पा नावाचे म्हातारे गृहस्थ चुन्याच्या फक्कीनं आखतात. त्यांना टेपचं दुसरं टोक धरायला लावलं. बारा टेप पूर्ण भरले, तेरावा बावीस मीटरवर संपला. तीनशे ब्याऐंशी. पुन्हा मोजलं, पुन्हा तेवढंच. दोन फेऱ्यांत छत्तीस मीटर कमी. म्हणजे तिच्या वेगानं आठ सेकंद. वैजयंती अकॅडमीत कधी दोन छप्पन्न पळालीच नव्हती. ती तीन चारनं पळत होती. नवं काम, बारा तास उभं राहणं, दुखरी नडगी आणि माझा भिकार प्लॅन एवढं सगळं सोसून तिनं काहीच गमावलं नव्हतं.

"गेल्या साली सरांची गाडी लावाया फरशी टाकली न्हवं त्या कोपऱ्याला," शंकरप्पा म्हणाले. "तवापासनं रिंगण आत घ्या म्हनाले. मी घेतलं. मी इचारलं हुतं, कमी भरंल की. तर म्हनाले, भरू दे."

म्हणजे सरांना ठाऊक होतं. तरी मी ऑफिसात गेले, आकडा सांगितला. सरांनी दार लावून घेतलं.

"हे बघ सिद्धेश्वरी. टाइम चांगला दिसला की क्लायंटचं मनोबल वाढतं. मनोबल वाढलं की तो टिकतो. तू पळालीस, पण तुला अकॅडमी चालवता येत न्हाय. हे बाहेर बोललीस तर उद्यापासून घड्याळ दुसऱ्याच्या हातात."

मी बाहेर बोलले नाही. फक्त वैजयंतीला सांगितलं. ती हसली, पहिल्यांदाच. "मंजी मी मागं न्हाई गेले."

"नाही."

"आनि बाकीच्या पोरी?"

"त्यांचं बघू," मी म्हटलं. बघितलं काहीच नाही. सात पोरी रोज त्या खोट्या रिंगणात पळत होत्या, मी रोज खोटी वेळ वहीत लिहीत होते आणि सर शाबासकी देत होते. दोन चौपन्न, शाबास. दोन सत्तावन्न, शाबास. सरांची मला किळस यायची आणि महिना संपल्यावरही मी तिथंच असायची. सरांना नावं ठेवायचा माझा अधिकार किती, हे वाचणाऱ्यानं ठरवावं.

उरलेल्या तीन आठवड्यांत वैजयंतीनं दुसऱ्या प्लॅनची एकही ओळ मोडली नाही. भरतीच्या मैदानावर पायाला वेळ मोजणारी चिप बांधून पोरी सोडल्या. तिथलं रिंगण पुरतं चारशेचं. तिचे आठशे दोन एकोणसाठला झाले. तीन दिवसांच्या सरावावर, तेहेतिसाव्या वर्षी. आमच्या सातही सहा दिवसवाल्या तीन मिनिटांच्या बाहेर गेल्या. त्यातली अंकिता वीस वर्षांची, रोज सगळ्यांच्या आधी येणारी. ती बाहेर येऊन म्हणाली, "मॅडम, माझं पाय आज चाललंच न्हाईत." तिचे पाय नेहमीसारखेच चालले होते. मी तिला पाण्याची बाटली दिली. सरांनी मैदान जड होतं असं जाहीर केलं आणि पुढच्या बॅचची जाहिरात टाकली.

लेखी परीक्षा झाली, महिने गेले, अंतिम यादी लागली. त्यात अकॅडमीचे मुलगे दोन आणि मुलगी एक. वैजयंती.

यादी लागल्याच्या तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स चढला. मधोमध सर, गॉगल लावून, कमरेवर हात ठेवून, खांबाएवढे उंच. खाली तीन फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे. वैजयंतीच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'विजयपथाची वाघीण! सहा दिवस, शंभर टक्के शिस्त!' ती वर्षभरात किती दिवस आली याची वही माझ्याच कपाटात होती. मला तो फ्लेक्स बघून हसू आलं, आणि मग दिवसभर काही खावंसं वाटलं नाही.

रविवारी सत्कार ठेवला. मैदानात मांडव, नव्या बॅचचे साठ-सत्तर क्लायंट रांगेत, आई-वडील खुर्च्यांवर. अंकिताही नव्या बॅचमध्ये, पुन्हा पहिल्या रांगेत. सरांनी वैजयंतीला शाल घातली, नारळ दिला आणि माइकवर पंधरा मिनिटं स्वतःबद्दल बोलले. मग म्हणाले, "आता आमची वाघीण दोन शब्द बोलंल. सहा दिवसांच्या शिस्तीबद्दल सांग गं बाळ."

वैजयंती माइकपाशी आली. शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. पिशवीतून आखीव कागद काढला, चारपदरी घडीचा. घड्यांवर तो झिजून फाटायला आला होता.

"मला बोलाया येत न्हाय," ती म्हणाली. "सिद्धेश्वरी मॅडमनी मागं माझा अर्ज हितंच समद्यांम्होरं वाचला हुता. त्यांनी त्यो परत वाचावा. दोनी बाजू."

सरांचा हात माइककडं गेला, पण पुढं आई-वडील बसलेले. त्यांनी तो हात वळवून गॉगल सारखा केला.

मी कागद घेतला आणि वाचला. पूर्वी वाचला तसाच, खणखणीत. 'ड्यूटीत बसायला मिळत नाही' यावर या वेळी कुणी हसलं नाही. 'जे सोडून चालेल ते काढून टाकावे.' मग शेरा. नामंजूर, वर्दी सहा दिवसवाल्यांची असते, तीन दिवसवाल्यांनी घरी बसून भाकऱ्या थापाव्यात. सही, शिक्का, तारीख. खुर्च्यांवरच्या एका बाईनं "आगं बाई" असं मोठ्यानं म्हटलं. सर हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "ते मोटिव्हेशन होतं."

मी कागद उलटला. पहिला प्लॅन वाचला आणि वरची तिरकी रेघही सांगितली. "हा चुकीचा होता. यानं तिची नडगी दुखावली." मग दुसरा, सातही ओळी. ड्यूटीच्या दिवशी पळणं बंद. चुकलेलं भरून काढायचं नाही. शेवटच्या आठवड्यात निम्मं.

"हे कोणी लिहिलंय?" सरांनी विचारलं. विचारताना ते माझ्याकडंच बघत होते. माझं अक्षर त्यांनी पाच वर्षं वहीत बघितलंय. "सही कुठाय? सही-शिक्क्याशिवाय या अकॅडमीत कुठलाही कागद खरा नाही."

वैजयंतीनं माझ्यापुढं पेन धरलं. "राहिली हुती, मॅडम," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी माइकच्या स्टँडवर कागद टेकवला आणि सातव्या ओळीखाली सही केली. पूर्ण नाव, तारीख. सर दात आवळून म्हणाले, "उद्यापासून यायचं नाही."

"नाही येत," मी म्हटलं. "आजचं काम तेवढं उरकून जाते."

पेटीतून गोळा मोजायचा टेप काढला. पहिल्या रांगेत अंकिता उभी होती. तिच्या हातात टेपचं टोक दिलं आणि फक्कीच्या रेघेवर बोट दाखवून म्हटलं, "धर गं इथं. तुझे पाय का चालले नाहीत, ते मोजू या."